दुकानाचे फेसबुक पेज जुन्या फ्रीलान्सरकडून परत मिळवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाचे पेज ज्याने उघडले, तोच त्याचा एकमेव ॲडमिन राहिला, आणि काम थांबल्यावर पेजही त्याच्याकडेच अडकले, ही तक्रार घेऊन येणाऱ्या दुकानदारांना गेली काही वर्षे मी मदत करत आलो आहे. त्या अनुभवातून पुढील उत्तरे लिहिली आहेत. ती प्रामुख्याने फेसबुक पेजविषयी आहेत, कारण गुंता तेथेच सर्वाधिक होतो. इन्स्टाग्रामचा उल्लेख वेगळ्या प्रश्नात आहे. पडद्यावर जी नावे इंग्रजीत दिसतात ती तशीच दिली आहेत. मेटा ही कंपनी मेनूंची जागा अधूनमधून बदलते, त्यामुळे एखादा पर्याय सांगितलेल्या ठिकाणी दिसला नाही, तर सेटिंग्जमधील शोधपट्टीत त्याचे नाव टाकून पाहावे.

माझ्या दुकानाच्या नावाचे पेज आहे, मग ते आपोआप माझे नाही का?

नैतिकदृष्ट्या ते तुमचे असेल, पण फेसबुकची यंत्रणा नावावरून मालक ठरवत नाही. पेजला स्वतःचे लॉगिन किंवा पासवर्ड नसतो. ते कोणत्या तरी व्यक्तीच्या वैयक्तिक प्रोफाइलमधून चालते, आणि ज्या प्रोफाइलकडे `Full control` आहे तिला पेजवर सर्व काही करता येते: इतरांना जोडणे, काढणे, नाव बदलणे आणि पेज हटवणेसुद्धा. फ्रीलान्सरने पेज स्वतःच्या प्रोफाइलमधून उघडले असेल आणि तुम्हाला कधी जोडलेच नसेल, तर यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही आणि रस्त्यावरचा कोणताही वाचक यांत फरक नाही.

तुमच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट आहे. एखाद्या व्यवसायाचे पेज त्या व्यवसायाच्या अधिकृत प्रतिनिधीनेच चालवावे, असा फेसबुकच्या पेजविषयक धोरणाचा नियम आहे. तुम्ही काम थांबवल्यानंतर फ्रीलान्सर प्रतिनिधी उरत नाही. पुढे वाद मेटाकडे न्यावा लागला, तर सारा युक्तिवाद याच नियमावर उभा राहतो. म्हणून काम नेमके कधी थांबले, हे सांगणारा एखादा लेखी निरोप आजच शोधून ठेवावा, आणि तसा निरोप कधी पाठवलाच नसेल तर आता पाठवावा.

काही करण्यापूर्वी सर्वांत आधी काय तपासावे?

तुमच्याकडे खरोखर काहीच अधिकार नाही ना, हे आधी पाहावे. कित्येकदा फ्रीलान्सरने सुरुवातीच्या दिवसांत मालकाला निमंत्रण पाठवलेले असते आणि ते स्वीकारायचेच राहून जाते. स्वतःच्या प्रोफाइलच्या मेनूतील `Pages` उघडून तेथे दुकानाचे नाव दिसते का ते पाहावे. ईमेलमध्ये facebookmail.com या पत्त्यावरून आलेली जुनी पत्रे शोधावीत. कुटुंबातील किंवा दुकानातील कोणाला कधी फोटो टाकण्यासाठी जोडले होते का, हेही विचारावे. मर्यादित अधिकाराची एखादी व्यक्ती सापडली तरी उपयोग होतो, कारण पेजची सद्यस्थिती तिला आतून पाहता येते.

त्यानंतर पेजवर जाऊन माहितीच्या भागातील `Page transparency` उघडावे. पेज केव्हा तयार झाले, त्याचे नाव केव्हा केव्हा बदलले आणि ते सांभाळणाऱ्या व्यक्ती कोणत्या देशात आहेत, हे तेथे कोणालाही दिसते. पेजचा क्रमांकही तेथेच असतो. या भागाचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे. पेज तयार होण्याची तारीख फ्रीलान्सरशी झालेल्या करारानंतरची असेल, तर ते पेज तुमच्या कामासाठीच उघडले गेले, हे दाखवणारा चांगला पुरावा हाती येतो. पेज त्याआधीचे असेल आणि नाव नंतर बदललेले दिसत असेल, तर फ्रीलान्सरने दुसऱ्या कामाचे जुने पेज तुम्हाला दिले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर तुमचा दावा कमकुवत होतो, आणि ते आधीच कळलेले बरे.

फ्रीलान्सरकडे नेमके काय मागावे? पासवर्ड मागितला तर चालेल का?

पासवर्ड मागू नये. तो त्याच्या वैयक्तिक खात्याचा असतो, त्यामुळे तो देणार नाही, आणि दिला तरी तुमच्या हाती काही स्थिर येत नाही. मागण्याच्या गोष्टी दोनच आहेत. दुकानाच्या मालकाच्या आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीच्या प्रोफाइलला `Full control` द्यावे, ही पहिली. पेज त्याच्या बिझनेस पोर्टफोलिओमध्ये, म्हणजे पेज आणि जाहिरात खाती एकत्र ठेवण्याच्या मेटाच्या पेटीत असेल, तर ते तेथून मोकळे करावे, ही दुसरी. बहुतेक दुकानदार फक्त पहिलीच मागतात आणि तेथेच फसतात. त्याचे कारण पुढच्या एका प्रश्नात सविस्तर दिले आहे.

संदेश शांत, लेखी आणि एकाच विषयावरचा असावा. पैशांचा वाद असेल तर त्याची चर्चा वेगळ्या पत्रात ठेवावी. मी दुकानदारांना साधारण असा मजकूर सुचवतो:

«आपले काम अमुक तारखेला संपले. दुकानाचे पेज दुकानाच्या ताब्यात असणे आवश्यक असल्यामुळे कृपया अमुक तारखेपर्यंत पुढील दोन प्रोफाइलना पूर्ण नियंत्रण द्यावे आणि पेज आपल्या पोर्टफोलिओमधून काढावे. आपण तयार केलेल्या कामाच्या श्रेयाविषयी किंवा देय रकमेविषयी काही म्हणणे असल्यास मला स्वतंत्रपणे कळवावे. त्यास मी उत्तर देईन.»

संदेशासोबत कृतीचे टप्पेही लिहून पाठवावेत, म्हणजे ‘मला जमत नाही’ या उत्तराला जागा उरत नाही. त्याने स्वतःच्या प्रोफाइलवरून पेजवर जावे, `Settings` मध्ये `Page setup` आणि त्याखालील `Page access` उघडावे, `People with Facebook access` च्या शेजारील `Add New` दाबून तुमचे प्रोफाइल शोधावे, पूर्ण नियंत्रणाचे बटण चालू करावे आणि स्वतःचा पासवर्ड टाकून `Give Access` करावे. या कामाला दहा मिनिटेही लागत नाहीत. तुम्हाला निमंत्रण आल्यावर ते स्वीकारावे लागते. स्वीकारेपर्यंत काहीही बदललेले नसते.

त्याची खरोखरच काही रक्कम बाकी असेल, तर ती द्यावी. पेज अडवून ठेवणे चूक आहे, पण केलेल्या कामाचे पैसे न देणे हीदेखील चूकच आहे, आणि मी पाहिलेल्या प्रकरणांत अनेकदा अडवणुकीचे मूळ तेथेच होते. रक्कम आणि हस्तांतरण एकाच दिवशी व्हावे, असे लेखी ठरवावे.

त्याने मला पूर्ण नियंत्रण दिले, मी त्याला काढले, तरीही तो पोस्ट टाकतो आहे. हे कसे शक्य आहे?

या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून एक प्रकरण तपशिलात सांगतो.

सायकल दुरुस्तीच्या एका दुकानाचे पेज चार वर्षे एका फ्रीलान्सरने चालवले होते. काम थांबल्यानंतर मालकाने वरीलप्रमाणे पत्र लिहिले, आणि पाचव्या दिवशी फ्रीलान्सरने कुरकुर न करता मालकाला पूर्ण नियंत्रण दिले. मालकाने त्याच संध्याकाळी त्याचे नाव काढण्याचा प्रयत्न केला, तर यंत्रणेने तो नाकारला. नव्याने अधिकार मिळालेल्या व्यक्तीला जुन्या ॲडमिनला लगेच काढता येत नाही, काही दिवस थांबावे लागते. सहसा हा अवधी सात दिवसांचा असतो. मालक थांबला, नंतर त्याने नाव काढले, आणि प्रश्न सुटला असे समजला. तीन दिवसांनी पेजवर एक अशी जाहिरात दिसू लागली, जी त्याने दिलीच नव्हती.

कारण असे होते. पेजवर अधिकार दोन वाटांनी येतो. एक वाट थेट: व्यक्तीचे प्रोफाइल पेजला जोडलेले असते. दुसरी वाट बिझनेस पोर्टफोलिओमधून जाते. पूर्वी यालाच बिझनेस मॅनेजर म्हणत. पोर्टफोलिओ म्हणजे पेज, जाहिरात खाती आणि माणसे एकत्र ठेवण्याची पेटी. एका पेजची मालकी एका वेळी एकाच पोर्टफोलिओकडे असू शकते. इतर पोर्टफोलिओ भागीदार म्हणून प्रवेश मिळवू शकतात. फ्रीलान्सरने पेज उघडताना ते स्वतःच्या पोर्टफोलिओमध्ये मालकीचे म्हणून ठेवले होते. मालकाने थेट वाट बंद केली, पण पेटीतून येणारी वाट उघडीच राहिली. त्या वाटेने फ्रीलान्सर स्वतःला पुन्हा जोडू शकत होता, आणि मनात आणले असते तर मालकाला काढूही शकत होता.

मालकाने दुसरे पत्र लिहिले, आणि या वेळी मागणी अचूक होती. फ्रीलान्सरने business.facebook.com वर आपल्या पोर्टफोलिओच्या `Settings` मधील `Accounts`, त्याखालील `Pages` मध्ये दुकानाचे पेज निवडून ते काढून टाकावे. या पायरीत एक धोका आहे, म्हणून क्रम जपावा लागतो. पेज पेटीतून बाहेर पडताना त्यावर थेट पूर्ण नियंत्रण असलेले किमान एक प्रोफाइल दुकानाच्या बाजूचे हवेच. येथे मालकाचे होतेच. पेज मोकळे झाल्यानंतर मालकाने दुकानाच्या नावाचा स्वतःचा पोर्टफोलिओ उघडला, `Accounts` मधील `Pages` मध्ये `Add` करून आपले अस्तित्वातील पेज तेथे आणले, आणि त्यानंतर `Page access` मधील यादी पुन्हा एकदा वाचली. या सगळ्याला एकूण तेवीस दिवस लागले, आणि त्यांतील बहुतांश दिवस वाट पाहण्यात गेले.

पेज दुसऱ्याच्या पोर्टफोलिओमध्ये आहे हे कळण्याची सोपी खूण अशी: तुम्ही स्वतःच्या पोर्टफोलिओमध्ये ते जोडू पाहिले, तर ते आधीच दुसऱ्या व्यवसायाच्या मालकीचे असल्याचा संदेश येतो. फ्रीलान्सरला काढण्याआधी ही चाचणी करून पाहावी.

आधी काय करावे: त्याला काढावे की सर्व काही ताब्यात घ्यावे?

आधी ताबा, मग काढणे. स्वतःचे आणि दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे प्रोफाइल पूर्ण नियंत्रणासह पेजला जोडलेले असावे, दोघांनीही निमंत्रण स्वीकारलेले असावे, दोघांच्याही खात्यावर टू-फॅक्टर पडताळणी चालू असावी, पेज पोर्टफोलिओमधून मोकळे झालेले असावे, आणि त्यानंतरच जुने नाव काढावे. वाट पाहण्याच्या अवधीत फ्रीलान्सरशी वाद घालू नये. त्या दिवसांत त्याच्याकडे तुमच्याइतकेच अधिकार असतात.

तो उत्तरच देत नाही किंवा स्पष्ट नकार देतो. पुढे काय?

मग मेटाकडे ॲडमिनवादाची तक्रार करावी लागते. मेटाच्या व्यवसाय-मदत केंद्रात लॉगिन करून पेजच्या प्रवेशाविषयीची अडचण निवडावी. कोणाला कोणता पर्याय दिसेल हे खात्यानुसार बदलते. जाहिरात खाते असलेल्यांना प्रतिनिधीशी चॅट करण्याचा पर्याय दिसण्याची शक्यता अधिक असते. म्हणून चॅट मिळत नसेल, तर जाहिरात खाते असलेल्या स्वतःच्या प्रोफाइलवरून प्रयत्न करून पाहावा.

तक्रारीसोबत सहसा तीन गोष्टी मागितल्या जातात. तुमचे शासकीय ओळखपत्र, दुकान तुमचे असल्याचे दाखवणारे नोंदणीचे किंवा कराचे कागद, आणि सही केलेले निवेदन. कागद स्पष्ट, पूर्ण आणि नावांच्या बाबतीत एकमेकांशी जुळणारे असावेत. दुकानाचे पेजवरील नाव आणि नोंदणीवरील नाव वेगळे असेल, तर त्यांचा संबंध दाखवणारा एखादा कागद जोडावा, उदाहरणार्थ दोन्ही नावे असलेले बिल किंवा नोंदणीतील व्यापारनावाचा उल्लेख. अर्ज अडकण्याचे हे कारण मी वारंवार पाहिले आहे.

खरे वजन निवेदनाला असते. त्यात पेजशी तुमचा संबंध काय, ही मागणी करण्याचा अधिकार तुम्हाला कसा आहे, सध्याचा ॲडमिन कोण आणि त्याचा दुकानाशी संबंध काय होता, तो संबंध केव्हा संपला, तुम्हाला नेमकी कोणती कृती हवी आहे, म्हणजे कोणाला काढायचे आणि कोणाला जोडायचे, हे सारे यावे. आणि दिलेली माहिती खरी असून ती खोटी ठरल्यास कायद्याने जबाबदार राहण्याचे प्रतिज्ञापन शेवटी असावे. काही वेळा हे निवेदन नोटरीकडून साक्षांकित करून मागितले जाते, म्हणून पहिल्यांदाच तसे करून घेतले तर एक फेरी वाचते. पेजचा पूर्ण वेबपत्ता, पेजचा क्रमांक आणि तुमच्या प्रोफाइलचा पत्ता निवेदनातच लिहावा. फ्रीलान्सरच्या स्वभावाविषयी एक शब्दही लिहू नये. वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला तुमच्यावर झालेला अन्याय मोजायचा नसतो. पेजवर अधिकार कोणाचा, एवढेच त्याला कागदांवरून ठरवायचे असते.

तक्रारीला क्रमांक मिळाल्यावर सारा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाखाली ठेवावा. उत्तराला उशीर झाला म्हणून नवनवीन तक्रारी दाखल केल्या, तर प्रकरण विखुरते आणि प्रत्येक वेळी नवा कर्मचारी सुरुवातीपासून प्रश्न विचारतो. काही आठवडे लागतील अशी तयारी ठेवावी, आणि निर्णय तुमच्या बाजूनेच लागेल असे गृहीत धरू नये. कागदांत ठोसपणा नसेल, तर मेटा दोघांच्या वादात पडण्याचे टाळते.

पुरावा म्हणून आणखी काय उपयोगी पडते?

फ्रीलान्सरने पाठवलेली बिले, विशेषतः ज्यांत ‘पेज व्यवस्थापन’ असे काम लिहिले आहे, फार उपयोगी पडतात, कारण पेज हे विकत घेतलेली सेवा होती, त्याचा स्वतःचा उपक्रम नव्हता, हे त्यांतून दिसते. त्याला केलेल्या देयकांच्या बँक नोंदी, ‘हा फोटो पेजवर टाका’ असे सांगणारे जुने संदेश, आणि पेजवर दिलेला फोन किंवा ईमेल तुमच्या दुकानाचा असल्याचा पुरावा हेही जोडावे. दुकानाचे संकेतस्थळ असेल आणि त्याचे डोमेन तुमच्या नावावर असेल, तर संकेतस्थळावर पेजचा दुवा द्यावा. पेज आणि दुकान एकच आहेत हे दाखवण्याचा तो साधा मार्ग आहे.

राग आला म्हणून ते पेज ‘बनावट’ म्हणून रिपोर्ट करावे का? ग्राहकांनाही रिपोर्ट करायला सांगावे का?

कृपया करू नये. मला सर्वांत जास्त हळहळ वाटणारी प्रकरणे याच चुकीची आहेत. बनावट पेजची तक्रार यशस्वी झाली तर पेज काढले जाते; ते तुम्हाला दिले जात नाही. वर्षानुवर्षे जमलेले फॉलोअर, ग्राहकांचे अभिप्राय आणि फोटो त्यासोबत जातात. ट्रेडमार्कच्या उल्लंघनाच्या तक्रारीचेही तसेच आहे. तुमच्या नोंदणीकृत नावाचा वापर थांबवणे हा तिचा परिणाम असतो, ताबा मिळवून देणे नव्हे. पेज कायमचे गमावले तरी चालेल, पण त्यावरून ग्राहकांची फसवणूक थांबली पाहिजे, अशी वेळ आली असेल, तरच या वाटेचा विचार करावा.

तो पेज हटवण्याची धमकी देतो. खरेच हटवू शकतो का?

हो, पूर्ण नियंत्रण असलेल्याला ते शक्य आहे. मात्र हटवण्याची प्रक्रिया सुरू केल्यानंतर पेज लगेच नष्ट होत नाही. 30 दिवसांच्या आत ते रद्द करता येते, परंतु रद्द करण्याचा अधिकारही पूर्ण नियंत्रण असलेल्यालाच असतो. त्यामुळे धमकी मिळताच तिचे छायाचित्र घ्यावे, पेजवरील तुमच्या पोस्ट, फोटो आणि अभिप्राय यांची नोंद करून ठेवावी, आणि मेटाकडे तक्रार चालू असेल तर धमकीचा पुरावा त्याच क्रमांकाखाली पाठवावा.

तोपर्यंत नवीन पेज उघडले तर चालेल का?

चालेल, पण पुढचा विचार करून. जुने पेज मिळाल्यावर दोन पेज एकत्र करण्याची सोय आहे. त्यासाठी दोन्हींवर पूर्ण नियंत्रण लागते आणि त्यांची नावे सारखी असून ती एकाच व्यवसायाची असावी लागतात. एकत्र केल्यावर फॉलोअर एका ठिकाणी येतात, मात्र जे पेज दुसऱ्यात मिसळले जाते त्याच्या पोस्ट, फोटो आणि अभिप्राय नष्ट होतात. म्हणून तात्पुरत्या पेजवर जपून ठेवण्याजोगे काही फारसे टाकू नये, आणि एकत्र करताना जुने पेज टिकेल असेच निवडावे.

आमचे कार्ड त्याच्या जाहिरात खात्याला जोडलेले आहे. पैसे कापले जातील का?

जाऊ शकतात, आणि पेजचा प्रश्न सुटेपर्यंत यासाठी थांबू नये. कार्ड ज्या जाहिरात खात्यात आहे, त्या खात्याचे नियंत्रण नसल्यास ते तुम्हाला फेसबुकवरून काढता येत नाही. थेट बँकेकडे जावे आणि त्या कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बंद करावेत किंवा कार्ड बदलून घ्यावे. आधी कापलेल्या रकमांची यादी त्याच वेळी मागून घ्यावी. ती पुराव्यातही जाते.

इन्स्टाग्रामच्या खात्याचेही असेच असते का?

नाही. इन्स्टाग्रामच्या खात्याला स्वतःचे वापरनाव, पासवर्ड, ईमेल आणि फोन असतो, म्हणून तेथे प्रश्न असा असतो की नोंदवलेला ईमेल आणि फोन कोणाचा आहे. दुकानाचा असेल तर ‘पासवर्ड विसरलो’ हा मार्ग वापरून तुम्ही स्वतःच आत जाऊ शकता. फ्रीलान्सरचा असेल, तर त्याच्याकडून ईमेल आणि फोन बदलून घेणे हाच सरळ उपाय आहे. त्यासाठी त्याला लिहिलेल्या पत्रात इन्स्टाग्रामचा वेगळा उल्लेख करावा.

फ्रीलान्सर प्रामाणिक आहे, पण त्याचे खाते हॅक झाले किंवा बंद पडले आहे. तेव्हा?

अशा वेळी तो तुमचा सर्वांत चांगला सहकारी ठरू शकतो. त्याने आधी स्वतःचे खाते facebook.com/hacked येथून परत मिळवण्याचा प्रयत्न करावा, कारण ते मिळाले तर पेज आपोआप हाती येते. ते जमले नाही, तर तुमच्या तक्रारीला त्याचे सही केलेले संमतिपत्र जोडावे. दोन पक्षांत वादच नाही, हे दिसले की तक्रार समजून घेणे सोपे जाते.

फेसबुकवर कोणी ‘पेज परत मिळवून देतो’ म्हणून संपर्क साधला. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. तुम्ही अडचण उघडपणे लिहिली की असे संदेश येऊ लागतात. काही जण स्वतःला मेटाचे कर्मचारी म्हणवतात, काही आगाऊ पैसे मागतात, आणि बहुतेक जण शेवटी लॉगिनचा कोड मागतात. कोड दिला की पेजच्या जोडीला तुमचे स्वतःचे खातेही जाते. मदत केंद्रात तुम्ही स्वतः लॉगिन करून उघडलेल्या तक्रारीबाहेरून आलेल्या कोणत्याही ‘मदतनिसाला’ काहीही देऊ नये. फ्रीलान्सरच्या खात्यात त्याच्या परवानगीविना घुसण्याचा प्रयत्नही करू नये आणि तसा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. तो गुन्हा ठरू शकतो, आणि मेटासमोर तुमचा सगळा दावा त्याने एका क्षणात ढासळतो.

वकिलाची गरज केव्हा पडते?

नोटिशीला उत्तर मिळत नसेल, पेजवरून दुकानाची बदनामी किंवा ग्राहकांची फसवणूक होत असेल, किंवा मेटाने ठोस निर्णय दिला नसेल, तेव्हा. वकिलाकडे जाताना मूळ करार, किंवा करार नसेल तर कामाच्या अटी ठरवणारे संदेश सोबत न्यावेत. पेज कोणाचे, याचबरोबर फ्रीलान्सरने काढलेले फोटो आणि तयार केलेल्या चित्रांचे हक्क कोणाचे, हाही प्रश्न तेथे निघतो, आणि त्याचे उत्तर करारातील शब्दांवर अवलंबून असते. पेज तुमचे ठरले तरी त्याने तयार केलेली काही चित्रे काढावी लागू शकतात.

पेज मिळाले. आता आत काय काय पाहावे?

फ्रीलान्सरचे नाव यादीतून गेले म्हणजे त्याची छाप गेली असे नसते. सर्वांत आधी पेजवरील मुख्य बटण दाबून पाहावे. ते कोणाच्या फोनवर, कोणत्या संकेतस्थळावर किंवा कोणत्या चॅटवर जाते, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका दुकानाचे बटण ताबा मिळाल्यानंतरही कित्येक आठवडे जुन्या फ्रीलान्सरच्या नव्या ग्राहकाच्या क्रमांकावर जात होते. मेसेंजरमधील स्वयंचलित उत्तरे वाचावीत, पुढच्या तारखांना ठेवलेल्या पोस्ट तपासाव्यात, आणि पेजला जोडलेले इन्स्टाग्राम खाते व व्हॉट्सॲप क्रमांक तुमचेच आहेत ना, ते पाहावे.

त्यानंतर `Page access` मध्ये पूर्ण नियंत्रण असलेल्यांच्या यादीबरोबर `People with task access` ही यादीही वाचावी. पोस्ट आपोआप टाकणारे एखादे बाहेरचे साधन फ्रीलान्सरने जोडलेले असेल, तर तेही काढावे, नाहीतर पोस्ट येत राहतात आणि त्या कोठून येतात हे समजत नाही.

पुढच्या फ्रीलान्सरला काम देताना पेज कसे द्यावे?

पेज दुकानाच्या पोर्टफोलिओमध्येच ठेवावे आणि त्याला पोस्ट टाकणे, संदेशांना उत्तर देणे, जाहिराती चालवणे एवढेच अधिकार द्यावेत. पूर्ण नियंत्रण कशासाठीही लागत नाही. त्याची स्वतःची संस्था असेल, तर तिच्या पोर्टफोलिओला भागीदार म्हणून जोडावे, म्हणजे काम थांबले की एका ठिकाणाहून तो प्रवेश बंद करता येतो. जाहिरात खाते दुकानाचे असावे आणि कार्डही त्याच खात्यात असावे. ‘दुकानाचा कॉमन आयडी’ म्हणून एखादे खोटे प्रोफाइल तयार करून त्याचा पासवर्ड सर्वांना देण्याची पद्धत टाळावी, कारण खोटे प्रोफाइल फेसबुक केव्हाही बंद करू शकते, आणि तोच एकमेव ॲडमिन असेल तर या पानावरील पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.